एकदाच विचारावं, तेही ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवून

प्रेम तुटल्यावर माणूस पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञाकडे जात नाही. छातीत धडधडतं म्हणून तो मेडिसिनच्या ओपीडीत येतो, ॲसिडिटी वाढली म्हणून येतो, नाहीतर झोपेची गोळी मागायला येतो. ईसीजी निघतो, नॉर्मल असतो. रक्ताच्या तपासण्यांतही काही सापडत नाही. सोबत आलेला भाऊ किंवा आई औषधं आणायला खिडकीकडे गेली की मग हळूच खरी गोष्ट बाहेर येते आणि तिच्या शेवटी बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो. तिला, किंवा त्याला, परत एकदा विचारू का?

या प्रश्नावर मित्रांची दोन ठरलेली उत्तरं असतात. एक म्हणतो, ‘सोड रे, दुसरी भेटेल.’ दुसरा म्हणतो, ‘हार मानू नकोस, मागे लागलास की ती मानेल.’ पहिल्या उत्तराने फारसं नुकसान होत नाही. दुसऱ्याने होतं आणि ते दोघांचंही होतं. विचारायला हरकत नाही, कारण तुटलेली नाती जुळतात. अमेरिकेत वीस-पंचवीस वर्षांच्या तरुणांच्या एका पाहणीत, मागच्या दोन वर्षांत नात्यात असलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जण एकदा तरी तुटून पुन्हा त्याच व्यक्तीकडे परतलेले होते. आकडा तिकडचा आहे, तो जसाच्या तसा सिडको-हडकोला लावता येणार नाही. पण परत विचारणं म्हणजे वेडेपणा नव्हे, एवढं त्यातून कळतं. खरा प्रश्न आहे तो कधी, कसं आणि किती वेळा विचारायचं याचा.

आधी ‘कधी’चं बघू. २०१० साली हेलन फिशर, लुसी ब्राउन आणि आर्थर ॲरन या अमेरिकी संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा जणांच्या मेंदूचे एफएमआरआय काढले. दहा स्त्रिया, पाच पुरुष. सगळ्यांना जोडीदाराने नुकतंच नाकारलेलं आणि सगळे अजून त्याच व्यक्तीच्या प्रेमात. नातं तुटून सरासरी त्रेसष्ट दिवस झालेले. जागेपणीचा बहुतेक वेळ आपण त्याच व्यक्तीचा विचार करतो, असं त्यांनीच सांगितलेलं. मशीनमध्ये त्यांना सोडून गेलेल्या व्यक्तीचा फोटो दाखवला, नंतर मन त्यातून बाहेर यावं म्हणून मोठ्या आकड्यातून उलटं मोजायला लावलं आणि मग एका साध्या ओळखीच्या माणसाचा फोटो दाखवला. सोडून गेलेल्या व्यक्तीच्या फोटोने मेंदूतले जे भाग उजळले, त्यांत डोपामिन तयार करणारा आणि ‘हे मिळवायचंच’ अशी ओढ लावणारा भाग होता. कोकेनच्या व्यसनात तलफ येते तेव्हा जागे होणारे काही भागही त्यांत होते.

तलफ हा शब्द इथे नेमका बसतो. तंबाखू सोडणाऱ्याला विचारा, पहिल्या काही आठवड्यांत त्याला तंबाखू चांगली की वाईट हे ठरवता येत नाही, फक्त हवी असते. नुकतं प्रेम तुटलेल्या माणसाचंही तसंच असतं. ‘ते नातं खरोखर पुन्हा सुरू करण्यासारखं होतं’ आणि ‘मला आत्ताच्या आत्ता हा त्रास थांबवायचाय’ या दोन गोष्टी त्याला वेगळ्या करता येत नाहीत. रात्री एक वाजता पाठवलेला मेसेज हा बहुतेक वेळा दुसऱ्या गोष्टीसाठी असतो.

त्याच अभ्यासात एक दिलासाही होता. ज्यांचं नातं तुटून जास्त दिवस झाले होते, त्यांच्या मेंदूत जवळीक आणि लगाव यांच्याशी जोडलेल्या एका भागाची हालचाल कमी दिसली. म्हणजे दिवस काम करतात. पंधरा माणसांचा अभ्यास आहे, त्यावरून ‘अमुक दिवस थांबा’ असा हिशेब मांडता येत नाही आणि कुणी मांडला तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण थांबणं पुरेसं झालं की नाही, हे ओळखायला मशीन लागत नाही. नातं का तुटलं, हे समोरच्या माणसाच्या बाजूने, त्याला पटेल अशा शब्दांत सांगता येतं का? आणि ‘नाही’ असं उत्तर आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्टला किंवा कॉलेजला जाता येईल, असं मनापासून वाटतं का? यातल्या एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर वेळ अजून आलेली नाही.

आता ‘कसं’. त्यासाठी एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. हा कुणी एक खरा माणूस नाही, पण यातली प्रत्येक गोष्ट शहरात रोज कुठेतरी घडत असते. सत्तावीस वर्षांचा मुलगा, वाळूजला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. मुलगी एका खासगी बँकेत. तीन वर्षं एकत्र. मुलीने घरी सांगून टाकलं होतं, मुलगा मात्र ‘दिवाळीनंतर बोलतो’, ‘बहिणीचं लग्न होऊ दे’ करत दोन वर्षं टाळत राहिला. शेवटी एका रविवारी तिच्या मैत्रिणींसमोर या विषयावरून त्याचा आवाज चढला आणि तिने ‘आता बास’ म्हणून सांगितलं. या गोष्टीला चार महिने झाले.

तिसऱ्या आठवड्यात त्याने एक मेसेज लिहिला होता. नशिबाने पाठवला नाही. त्यात असं होतं: ‘तुझ्याशिवाय जगणं अशक्य आहे. सहा किलो वजन उतरलंय, झोप नाही, कामात लक्ष नाही. तू इतकी कठोर कशी होऊ शकतेस? एकदा भेट, शेवटचं. नाहीतर मी बँकेच्या खाली येऊन थांबतो.’ हा मेसेज लिहिणारा माणूस वाईट नाही, तो तलफेत आहे. पण मेसेज मिळणाऱ्या बाजूने वाचला की चित्र वेगळं दिसतं. वजन आणि झोपेचा हिशेब म्हणजे आपल्या तब्येतीची जबाबदारी तिच्या गळ्यात बांधणं. ‘कठोर’ म्हटल्यावर ती उत्तर देणार ते स्वतःच्या बचावाचं, नात्याचं नाही. ‘शेवटचं’ हा शब्द कुणीही खरा धरत नाही. आणि बँकेच्या खाली थांबण्याचं वाक्य ही प्रेमाची गोष्टच नाही, ती धमकी आहे. त्या अख्ख्या मेसेजमध्ये नातं का तुटलं, त्याबद्दल एक शब्द नाही.

चार महिन्यांनी, एका शनिवारी सकाळी, चहा झाल्यावर त्याने जो मेसेज पाठवला तो असा: ‘चार महिन्यांनी लिहितोय. घरी बोलायचं मी दोन वर्षं टाळलं आणि तुझी दोन वर्षं वाट बघण्यात गेली, हे आता नीट कळलंय. त्या दिवशी तुझ्या मैत्रिणींसमोर आवाज चढवला, त्याचीही माफी मागतो. मागच्या महिन्यात मी आई-बाबांना सगळं सांगितलंय. त्यांच्यापैकी कुणीही तुला फोन करणार नाही, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. आपण पुन्हा एकत्र यावं असं मला वाटतं. तुलाही वाटत असेल तर सांग. वाटत नसेल तर “नाही” एवढंच पुरे, कारण द्यायची गरज नाही. उत्तर आलं नाही तरी मी ते “नाही”च समजेन आणि परत विचारणार नाही.’

या मेसेजमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्यात लिहिण्याच्या एक महिना आधी घडलेली आहे. तो घरी बोलला. ‘तू परत आलीस तर मी घरी बोलेन’ असा सौदा त्याने केला नाही. ज्या कारणाने नातं तुटलं ते कारण आधी दूर करायचं आणि मग विचारायचं, हाच क्रम बरोबर. उलट क्रमाने दिलेली आश्वासनं तिने दोन वर्षं ऐकलेलीच आहेत. आणि आई-बाबांना सांगितल्यावर त्यांनी थेट मुलीच्या घरी जाऊन बसू नये, याचीही काळजी त्याने घेतली. आपल्याकडे हे फार होतं. मुलाची आई फोन करून रडते, मग मुलीला नकार द्यावा लागतो तो एका माणसाला नाही, अख्ख्या घराला.

भेटून का नाही विचारलं, असं कुणी म्हणेल. मोठ्या गोष्टी समोरासमोर बोलाव्यात, हा आपला रिवाज आहे. इथे एका प्रयोगाची आठवण उपयोगी पडते. महदी रोघनिझाद आणि व्हेनेसा बोन्स या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की अनोळखी माणसाला एखादी छोटी विनंती समोर जाऊन केली तर ती ईमेलपेक्षा चौतीस पटींनी जास्त मान्य होते. विमा विकणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लावावा. पण तुटलेल्या नात्यात नेमकं हेच टाळायचं असतं. समोर उभ्या असलेल्या, डोळे भरून आलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणं अवघड असतं, म्हणून जे ‘हो’ मिळतं ते त्या क्षणाच्या अवघडलेपणाचं असतं, नात्याचं नसतं. ते आठवडाभरही टिकत नाही. लिखित मेसेज वाचून समोरची व्यक्ती फोन बाजूला ठेवू शकते, रात्रभर विचार करू शकते, मैत्रिणीशी बोलू शकते. तिने स्वतःहून ‘भेटू’ म्हटलं तर भेटावं, आणि तेही तिने सांगितलेल्या जागी.

याच बोन्सबाईंनी २०१९ मध्ये लॉरेन डेव्हिन्सेंट यांच्यासह आणखी एक गोष्ट नोंदवली. प्रेमाची विचारणा करणाऱ्याला वाटतं, समोरच्याला नकार देणं सोपं आहे. प्रत्यक्षात नकार देणाऱ्याला तो विचारणाऱ्याच्या कल्पनेपेक्षा खूप जड जातो आणि नंतरही त्याचं वागणं अवघडून जातं. मराठीत तर ‘नाही’ हा शब्द उच्चारल्याशिवाय नकार देण्याच्या कितीतरी पद्धती आहेत. ‘बघू.’ ‘सध्या कामाचा लोड आहे.’ ‘घरचे मानणार नाहीत.’ ‘तू खूप चांगला आहेस, पण…’ नुसती निळी टिक आणि शांतता. हे सगळे नकार आहेत. ज्याला ‘हो’ म्हणायचं आहे त्याला कोड्यात बोलावं लागत नाही. ‘बघू’चा अर्थ ‘अजून थोडं विचार’ असा लावणारा माणूस समोरच्याच्या सभ्यतेचा गैरफायदा घेत असतो, त्याच्या मनात तसं नसलं तरी.

मुलींच्या बाबतीत या जडपणात भीतीही मिसळलेली असते आणि ती कल्पनेतली नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला कॉलेजला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला पाठलाग करणाऱ्याने भररस्त्यात पेटवून दिलं आणि आठवड्याभरात तिचा मृत्यू झाला. मे २०२२ मध्ये आपल्याच शहरात एका महाविद्यालयीन मुलीचा एकतर्फी प्रेमातून खून झाला. साधा, सभ्य मेसेज पाठवणाऱ्या मुलाचा या घटनांशी काही संबंध नाही. पण मेसेज वाचणाऱ्या मुलीच्या मनात त्या असतात, हे त्याने लक्षात ठेवायला हवं. ‘उत्तर आलं नाही तरी परत विचारणार नाही’ हे वाक्य म्हणूनच लागतं. त्याने तिला सुरक्षित वाटतं. आणि ते पाळलं तरच त्याला अर्थ आहे.

कायद्यानेही रेषा इथेच ओढली आहे. पूर्वी भारतीय दंडविधानात ३५४-ड होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. स्त्रीने रस नसल्याचं स्पष्ट दाखवल्यानंतरही तिच्याशी वारंवार संपर्क साधणाऱ्या किंवा तसा प्रयत्न करणाऱ्या पुरुषाला पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणंही त्यातच येतं. सारा भर ‘वारंवार’ आणि ‘स्पष्ट दाखवल्यानंतरही’ या शब्दांवर आहे. यावरून काही जणांबाबत ती एक विचारणाही उरत नाही, हे उघड होतं. नातं तोडतानाच तिने ‘मला परत संपर्क करू नकोस’ म्हटलं असेल, नंबर ब्लॉक केला असेल, नात्यात मारहाण झाली असेल, किंवा तिचं लग्न ठरलं असेल, तर उत्तर आधीच मिळालेलं आहे. मित्राच्या फोनवरून, नव्या नंबरवरून किंवा तिच्या बहिणीमार्फत ते पुन्हा मागायचं नसतं. मुलगी विचारणारी असेल तर हे कलम लागू होणार नाही, पण बाकी सगळं तसंच लागू होतं.

आपल्या उदाहरणातल्या मुलीचं उत्तर सोमवारी संध्याकाळी आलं: ‘तू हे लिहिलंस, बरं वाटलं. घरी बोललास तेही चांगलं केलंस. पण मला परत नकोय. काळजी घे.’ यात चार वाक्यं आहेत आणि तलफेतला मेंदू त्यातली तीन उचलतो. बरं वाटलं म्हणाली. चांगलं केलंस म्हणाली. काळजी घे म्हणाली, म्हणजे अजून काळजी आहे! उरलेलं एक वाक्य, जे खरं उत्तर आहे, ते नजरेतून निसटतं. अशा वेळी मेसेज मोठ्याने, शक्यतो एखाद्या शहाण्या मित्रासमोर वाचावा. त्या मुलाने उत्तर दिलं, ‘समजलं. उत्तर दिलंस, आभारी आहे.’ कारण विचारलं नाही, शेवटच्या भेटीची मागणी केली नाही, ‘मैत्री तरी ठेवू’ असंही म्हटलं नाही. मैत्रीचा प्रस्ताव हा पुष्कळदा त्याच प्रश्नाला दुसरा शर्ट घालून पाठवण्याचा प्रकार असतो.

दुसऱ्यांदा विचारू नये याचं कारण केवळ शिष्टाचारात नाही, मेंदूच्या शिकण्याच्या पद्धतीतही आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी पिंजऱ्यातल्या कबुतरांना एका बटणावर चोच मारल्यावर दाणा द्यायची सोय केली होती. दर वेळी दाणा मिळणारं कबुतर, दाणा बंद झाला की लवकर थांबायचं. कधी मिळतो, कधी नाही, अशी सवय लागलेलं कबुतर मात्र दाणा बंद झाल्यावरही कितीतरी वेळ चोच मारत राहायचं. चौथ्या मेसेजला दमून दिलेलं ‘कसा आहेस?’ हे उत्तर म्हणजे तो अधूनमधून मिळणारा दाणा. त्याने विचारणाऱ्याची तलफ महिनोन्‌महिने लांबते. म्हणून नकार देणाऱ्यानेही दयेपोटी मधूनच बोलत राहू नये, एकदा स्पष्ट सांगून थांबावं. त्यात क्रूरपणा काही नाही.

दाणा पूर्ण बंद झाल्यावर सुरुवातीला चोच मारणं थोडा वेळ उलट वाढतं, हेही प्रयोगांत दिसलेलं आहे. नकारानंतरच्या पहिल्या दिवसांत ओढ कमी व्हायच्या ऐवजी उसळते ती याचमुळे. हे माहीत नसेल तर माणसाला वाटतं, एवढा त्रास होतोय म्हणजे प्रेम खरंच आहे, अजून एकदा विचारायलाच हवं. माहीत असेल तर तो ती उसळी येऊ देतो आणि जाऊ देतो. त्या दिवसांसाठी त्या मुलाने तीन साध्या गोष्टी केल्या. तिचं व्हॉट्सॲप स्टेटस आणि इन्स्टाग्राम म्यूट केलं. रात्रपाळी नसेल तेव्हा अकरानंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवला. आणि बिडकीनच्या एका मित्राला सांगून ठेवलं की तिला मेसेज करावासा वाटला तर आधी तुला फोन करेन. यातली पहिली गोष्ट लोक टाळतात, ‘नुसतं बघतो, लिहीत नाही’ म्हणतात. ब्रिटनमधल्या टारा मार्शल यांनी २०१२ मध्ये चारशेहून अधिक लोकांची पाहणी केली, तेव्हा पूर्वीच्या जोडीदाराचं फेसबुक चाळत राहणाऱ्यांमध्ये त्रास आणि ओढ जास्त आढळली. आधीच जास्त त्रासात असलेला माणूसच जास्त चाळतो, असंही असू शकतं. पण चाळल्याने कुणाला बरं वाटल्याचं त्यात दिसलं नाही. दारूचंही तसंच. ती झोप लावते, पण पहाटे तीनला उठवते, आणि नेमक्या त्याच वेळी हात फोनकडे जातो.

उत्तर ‘हो’ आलं असतं तर? तर तेही सावकाश घ्यायचं. तुटणं-जुळणं, तुटणं-जुळणं असं चालू राहिलेल्या नात्यांत समाधान कमी आणि अनिश्चितता जास्त असते, असं अशा जोडप्यांवरच्या संशोधनात सातत्याने दिसतं. घरी बोलणं झालं होतं, पण तेवढ्याने दोन वर्षांचा विश्वास एका आठवड्यात परत येत नाही.

एक गोष्ट मात्र मित्राच्या फोनवर सोडायची नाही. ‘तू नाही म्हणालीस तर मी जिवाचं काही करीन’ हे वाक्य समोरच्याला वेठीला धरतं आणि म्हणणाऱ्याला खरंच तसं वाटत असेल तर ती तातडीची वैद्यकीय बाब असते. दोन्ही बाबतीत ते वाक्य पूर्वीच्या जोडीदाराकडे नाही, डॉक्टरकडे न्यायचं असतं. समोरच्या व्यक्तीला असा मेसेज आला तर तिनेही ‘हो’ म्हणून तो जीव वाचवायला जाऊ नये. त्याच्या घरच्यांना किंवा पोलिसांना लगेच कळवावं. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक बिघडलेली असेल, कामावर जाणं बंद झालं असेल, रोज प्यावंसं वाटत असेल किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे विचार येत असतील, तर घाटीच्या मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. तिथपर्यंत जाणं जमत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, फोन फुकट लागतो आणि मराठीतून बोलता येतं.